रोबोट आर्म, 8 महिन्यांनंतर: पायाच्या जोडातला खेळ

नातीने सुट्टीत हा सहा सर्व्होंचा आर्म माझ्या गॅरेजमध्ये आणून जोडला, त्याला 8 महिने झाले. दुसऱ्या महिन्यात मी वैतागून "घेऊ नका" असं लिहिलं होतं. ते आज मागे घेतोय, पण पूर्ण नाही.

सुरुवातीला आर्म थरथरायचा आणि मध्येच बोर्ड बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. सगळे सर्व्हो बोर्डाच्याच 5 व्होल्टवर लावले होते, म्हणून. सर्व्होंना जास्त अँपिअरचा वेगळा सप्लाय दिला, दोन्हींचा ग्राउंड एकत्र जोडला, आणि तो त्रास संपला. नवीन घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

माझी खरी तक्रार पायाच्या सर्व्होची, म्हणजे अख्खा आर्म डावी-उजवीकडे फिरवणाऱ्याची. काम साधंच दिलं होतं. मधल्या खाचेतून 8 मिमीचा, म्हणजे तेराच्या पान्याचा नट उचलायचा आणि दोन्ही बाजूंच्या ट्रेमधल्या खणांत टाकायचा. नट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 15 मिमी, खण 20 मिमीचा. म्हणजे दोन्हीकडे अडीच-अडीच मिमी सूट. डावा ट्रे बिनचूक भरायचा. उजव्यात मात्र नट भिंतीवर आपटून खाली.

मी पायाचे स्क्रू आवळले, हॉर्न बदललं. विक्रेत्याशी तीन आठवडे भांडून नवीन सर्व्हो मिळवला. तरी तेच! तेव्हाच ते "घेऊ नका" लिहिलं.

मग नातीने पंजात पेन बांधला, खाली कागद चिकटवला. "आजोबा, एकाच कोनावर दहादा पाठवू. पाच वेळा उजवीकडून, पाच वेळा डावीकडून." कागदावर ठिपक्यांचे दोन पुंजके उमटले. प्रत्येक पुंजक्यातले ठिपके एकमेकांना चिकटून, आणि दोन पुंजक्यांमध्ये पट्टीने मोजून 5 मिमी अंतर. माझा आर्म पायापासून पंजापर्यंत 30 सेंमी आहे. तेवढ्या लांबीवर एक अंश म्हणजे टोकाला 5 मिमीच होतात.

तो कागद बघितला आणि मला लेथ आठवला. क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवलं की आधी आट्यांमधला खेळ संपतो, मगच स्लाइड हलते. म्हणून माप ओलांडलं तर आम्ही बरंच मागे जातो आणि पुन्हा त्याच बाजूने मापावर येतो. इथेही तेच होत होतं. गिअरांत थोडा खेळ असतो, शिवाय कोन जवळपास जुळला की सर्व्हो जोर लावणं थांबवतो. त्यामुळे ज्या बाजूने येईल, त्या बाजूला जरा अलीकडे थांबतो. नातीने खणांचे कोन 0 पासून चढत जाऊन नोंदवले होते. खाच 90 वर. डावा ट्रे 90 च्या पुढे, तिथे आर्म चढत जायचा. उजव्याकडे उतरत यायचा, म्हणून चुकायचा.

"अगं, मग त्याला उजवीकडेही चढतच येऊ दे की," मी म्हटलं. तिने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मला वाचता यावीत म्हणून नावं तिने आपलीच ठेवली होती: `halu` म्हणजे एकेक अंश हळू नेणं, `aata` म्हणजे आत्ताचा कोन. त्याखाली मी लिहिलेलं हे पहिलं फंक्शन:

```cpp
void jaa(int kon) {
  if (kon < aata) {
    halu(kon - 6);
  }
  halu(kon);
  delay(300);
}
```

उतरायचं असेल तर 6 अंश पुढे जा आणि चढत परत ये, एवढंच. सेमीकोलन दोनदा राहिला, दोन्ही वेळा मीच शोधला. पुन्हा पेन बांधला. सगळे ठिपके 2 मिमीच्या आत, दोन्ही ट्रे भरले. विक्रेत्याशी घातलेल्या वादाचं मला वाईट वाटलं. त्याने दिलेला सर्व्हो खराब नव्हता.

खांद्याला आणि कोपराला असली चूक का दिसत नाही, हे मी तिला समजावलं. आर्मचं वजन त्यांचा खेळ कायम एकाच बाजूला दाबून धरतं. फक्त हात सरळ उभा होऊन पलीकडे झुकतो तेव्हा वजन बाजू बदलतं आणि टोक एकदम लचकतं. तिथून काम घेऊ नका, ट्रे पुढेच ठेवा. आणि 6 अंश मागे जायला जागा हवी, म्हणून एकही खण 10 अंशांच्या खाली लावू नका.

तक्रार एक उरली आहे. सहा महिन्यांनी ते 5 मिमी वाढून 7 झाले. गिअर झिजतायत. फंक्शन आहे म्हणून नट अजून खणातच पडतायत, पण 6 चे मी आता 8 केलेत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेन बांधून कागद काढतो. नात कॉलेजला परत गेली आहे. कागदांचे फोटो तिला पाठवतो.