म्यूटचा शॉर्टकट चार-पाच महिने वापरल्यावर: ‘समोर कुठली विंडो आहे’ हा खरा प्रश्न

हेडसेटच्या वायरवरचं म्यूटचं बटण अडकायला लागलं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानात दाखवलं तर बटण दुरुस्त होत नाही, पूर्ण हेडसेटच नवीन घ्या, असं उत्तर मिळालं. आवाज ठणठणीत, माईक ठणठणीत, आणि एका बटणापायी नवीन हेडसेट? मला ते पटलं नाही. मी दहावीच्या ऑनलाइन बॅचेस घेते आणि म्यूट दिवसभर लागतंच, म्हणून कीबोर्डवर आले.

आमच्या क्लासचे काही तास झूमवर होतात, काही गूगल मीटवर. विंडोजवर तिथे माईकसाठी Ctrl+D, कॅमेऱ्यासाठी Ctrl+E आणि हात वर करायला Ctrl+Alt+H. सुरुवातीचे दिवस मी खूश होते. वायरवरच्या बटणात एक खोट होती: ते दाबलं तरी स्क्रीनवर माईक चालूच दिसायचा, कारण बंद व्हायची ती वायर, ॲपला त्याचा पत्ताच नसायचा. शॉर्टकटने म्यूट केलं की स्क्रीनवरच्या माईकवर लगेच काट मारलेली दिसते, मुलांनाही ती दिसते.

मत बदललं ते स्लाइड्स घेऊन शिकवताना. पॉवरपॉइंट उघडी होती, डाव्या पट्टीत एक स्लाइड निवडलेली होती, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून Ctrl+D दाबलं. माईक चालूच राहिला आणि स्लाइडची आणखी एक प्रत तयार झाली. कारण साधं आहे. मीटचा शॉर्टकट मीटच्या टॅबलाच कळतो, आणि की दाबली की ती आधी जाते समोरच्या विंडोकडे. पॉवरपॉइंटमध्ये Ctrl+D म्हणजे ‘प्रत काढ’, वर्डमध्ये फॉन्टची चौकट, एक्सेलमध्ये वरच्या खान्यातलं खाली भर, आणि क्रोमच्या दुसऱ्या टॅबवर असाल तर बुकमार्क. म्हणून यातलं काहीही अचानक दिसलं तर समजायचं की माईक आहे तसाच आहे. आधी Alt+Tab ने मीटवर यायचं, मग Ctrl+D. मीट वेगळ्या विंडोत ठेवलं तर हे पटकन जमतं. वीस टॅबच्या गर्दीत ठेवलं तर Alt+Tab ने नुसतं क्रोम समोर येतं, मीटचा टॅब शोधावाच लागतो.

झूममध्ये यावर तोडगा आहे आणि माझ्या मते झूमची ही सर्वांत उपयोगी सेटिंग आहे. Settings मध्ये Keyboard Shortcuts उघडा. प्रत्येक शॉर्टकटसमोर Enable Global Shortcut ची चौकट दिसते. म्यूटच्या Alt+A समोर ती टिक केली की पॉवरपॉइंट, वर्ड, काहीही समोर असू दे, माईक बंद-चालू होतो. टिक केलेली नसताना पॉवरपॉइंटमध्ये तेच Alt+A दाबलं तर ॲनिमेशनचा टॅब उघडतो, म्हणजे पुन्हा तोच घोळ.

पण महिनाभराने याचीही दुसरी बाजू कळली. ग्लोबल केल्यावर झूम चालू असेपर्यंत Alt+A झूमचंच होतं. आमच्या बॅचचे मार्क मी एक्सेलमध्ये भरते आणि तिथे Alt+A ने डेटाचा टॅब उघडायची सवय आहे. ते बंद पडलं. त्याच यादीत त्या शॉर्टकटवर क्लिक करून दुसरी जोडी दाबली की ती बसते. मी कुठल्याच प्रोग्रॅममध्ये न लागणारी जोडी दिली, तेव्हापासून एक्सेलची तक्रार नाही. हात वर करण्याचं Alt+Y मात्र ग्लोबल केलेलं नाही. शिक्षकांच्या मीटिंगमध्ये समोर झूमच असतं, आणि बोलून झालं की तीच जोडी पुन्हा दाबून हात खाली घेते.

स्पेसबार दाबून धरायचा आणि तेवढ्यापुरतं बोलायचं, ही झूमची सोय पुष्कळांना आवडते. शिकवणाऱ्यांनी मात्र जपून वापरावी. झूमची विंडो समोर असेल तरच ती चालते. स्लाइड शो समोर असेल तर स्पेसबारने पुढची स्लाइड येते, म्यूट सुटत नाही, आणि उत्तर मुलांना आधीच दिसतं.

स्क्रीन शेअरच्या शॉर्टकटने माझा फारसा वेळ वाचला नाही. झूमचं Alt+S काय किंवा टीम्सचं Ctrl+Shift+E काय, दोन्ही शेअरची यादी उघडतात. कुठली विंडो दाखवायची ते तिथे निवडावंच लागतं. मी ते माउसनेच करते.

हे (म्हणजे आमचे अहो) हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करतात, त्यांचं सगळं टीम्सवर. तिथे म्यूट Ctrl+Shift+M, हात Ctrl+Shift+K. विंडोज ११ असेल तर Win+Alt+K ने टीम्सचा माईक दुसरं काहीही समोर असताना बंद होतो, आणि हे त्यांना इतकं आवडलंय की बाकीचे शॉर्टकट ते विसरूनही गेलेत. मीटलाही अशी एखादी जोडी मिळाली असती तर माझी चारही बोटं मोकळी झाली असती. तोवर मीटवरच्या तासाला मी मीटची वेगळी विंडो ठेवते, झूमच्या तासाला ग्लोबल म्यूट, आणि नवीन हेडसेटचे पैसे अजून खिशातच आहेत.