पॉलिस्टर, सावरी आणि फोमचे तुकडे: काही महिने टेकून, झोपून आणि उसवून पाहिल्यावर

कुशनचे कोपरे रिकामे असले की मला बसवत नाही. मधला भाग टम्म फुगलेला आणि चार टोकांना नुसतं कापड लोंबतंय, असं कुशन नजरेसमोर असलं की हात आपोआप कोपरे ओढायला जातो. घरातले हसतात, हसू दे. हा अख्खा अनुभव त्या कोपऱ्यांपासून सुरू झाला, त्यामुळे इथे त्यांना जरा जास्तच जागा मिळणार आहे.

सोळा इंची अभ्र्यांसाठी पॉलिस्टर फायबर भरलेली तयार कुशनं मागवली होती. हवा काढून चपटी केलेली आली, दोन-तीन दिवसांत फुगली, पण कोपऱ्यांत काही पोचलं नाही. विक्रेत्याला फोन केला तर, "मॅडम, वापरून वापरून सेट होईल." महिनाभरात सेट झालं ते मधलं पोट, म्हणजे बसलं. पुन्हा तक्रार केली तर म्हणे लेबलप्रमाणे ४५० ग्रॅम माल आहे. काट्यावर ठेवलं. कुशन ४५० ग्रॅमच भरलं, पण खोळ आणि चेनसकट. उसवून आतलं फायबर वेगळं तोललं तर ३९० च्या आसपास. वजन "भरणाचं" की "कुशनचं", हे लेबलवर मोघम ठेवलेलं असतं. घेताना तेवढं विचारा.

उसवल्यावर खरी गंमत दिसली. फायबर पिंजून भरलेलंच नव्हतं. एक मोठा लगदा सरळ आत कोंबलेला, बाजूला दोन छोटे लगदे. चिमूटभर घेऊन तळव्यांमध्ये चोळलं तर लगेच घट्ट गोळी झाली. चांगलं सिलिकॉन लावलेलं, आतून पोकळ आणि वेटोळं फायबर असं वळत नाही. ते हाताला बुळबुळीत लागतं आणि चोळून सोडलं की पुन्हा फुलतं. पोकळपणा डोळ्यांना दिसत नाही, पण ही चोळून बघायची परीक्षा पुरेशी आहे. गोळी झाली की समजायचं, सिलिकॉनचा थर नाही किंवा असून नसल्यासारखा आहे. असं फायबर आपल्याच वजनाखाली एकमेकांत अडकून नमद्यासारखं होतं.

चिडून ठरवलं की पॉलिस्टर बाद. एका कुशनमध्ये सावरीचा कापूस भरला, एकात फोमचे तुकडे आणि एकात, निव्वळ तुलनेपुरतं, चांगलं सिलिकॉनवालं पॉलिस्टर फायबर सुटं आणून. झोपायच्या उशांचीही तशीच वाटणी केली. शिक्षा तिघांना सारखीच होती: रोज टेकणं, लोळणं, मुलांचं उड्या मारणं.

पहिल्या काही आठवड्यांत मी सावरीच्या प्रेमात होते. उशी म्हणून ती फारच छान. सावरीचा तंतू आतून पोकळ, भिंत अगदी पातळ आणि वर मेणाचा थर, त्यामुळे पाणी पटकन शोषत नाही. एके काळी लाइफ जॅकेटमध्ये तिचंच भरण असायचं ते याच गुणामुळे. डोक्याखाली दमट वाटत नाही, गरम होत नाही, मान जिथे ठेवू तिथे खळगा पडून टिकतो. पॉलिस्टरची उशी डोक्याला परत वर ढकलत राहते, ही तसं करत नाही. आईने एक रात्र वापरून उशी परत द्यायला नकार दिला, यापेक्षा वेगळं प्रशस्तिपत्र नको.

भरण्याचा त्रास मात्र विचारू नका. तंतू आखूड आणि गुळगुळीत, श्वास सोडला तरी उडतो. पंखा बंद, खिडक्या बंद, नाकाला फडकं. शेवटी शहाणा मार्ग सापडला तो असा: कापसाच्या पिशवीचं तोंड आणि खोळीचं तोंड मोठ्या टाक्यांनी एकमेकांना शिवून टाकायचं आणि मग बाहेरून ढकलत कापूस पलीकडे न्यायचा. एक तंतूही बाहेर येत नाही. खोळ दाट विणीचीच हवी. साध्या सुती कापडातून तंतू बाहेर डोकावतात आणि अभ्र्याला चिकटतात. बिया किती राहिल्यात तेही आधी चाचपून घ्या, कारण रात्री गालाखाली आलेली एक बी मोहरीएवढी वाटत नाही.

पुढे मत थोडं बदललं. सावरी चांगली असली तरी ती मोडते. तंतू ठिसूळ आहे, सतत दाब आणि घर्षण झालं की त्याची भुकटी होऊ लागते. ओळखायचं असं की गडद रंगाच्या कापडावर उशी चार वेळा थोपटायची. बारीक पिवळट धूळ पडली तर आत तुटायला सुरुवात झाली आहे. माझ्या झोपायच्या उशीत ही धूळ जेमतेम होती, पण ज्या कुशनवर मुलं बसत होती त्यात भरपूर. म्हणजे डोक्याचं वजन ती सोसते, बसणाऱ्याचं नाही. धुवायचीही सोय नाही. साबणाच्या पाण्यात मेणाचा आधार जातो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर गाठी उरतात. उन्हात घालायची, उलटसुलट करायची, हातांनी फुलवायची, एवढंच. ऊन दाखवल्यावर मात्र ती खरंच उंच होते.

आणि कोपरे? सावरीच्या कुशनचेही रिकामेच! फोमच्या तुकड्यांनी तेवढे कोपरे धरून ठेवले, त्यामुळे काही दिवस मी फोमच्या बाजूची झाले होते. तुकडे एकमेकांवर घसरत नाहीत, जिथे कोंबाल तिथे अडून राहतात. पाठीला टेकायला आधारही भक्कम. पण हे कुशन त्याच मापाच्या पॉलिस्टरच्या जवळजवळ दुप्पट वजनाचं झालं. पातळ अभ्र्यातून खडबडीतपणा जाणवतो. भरताना स्थिर विजेमुळे चुरा हाताला, बाह्यांना, केसांना चिकटतो. हात किंचित ओले करून भरलं तर त्रास कमी. आणि हे तुकडे म्हणजे कारखान्यातली कातरणं. एकाच पिशवीत कडक, मऊ, जुना, नवा असा सगळा फोम येतो. दोन बोटांत दाबून सोडलेला तुकडा लगेच मूळ आकारात आला पाहिजे. बोटांना पिवळी पूड लागली तर तो पॉलियुरेथेन आधीच विरायला लागला आहे. ऊन आणि दमट हवा दोन्ही त्याला खातात, म्हणून सावरीला द्यायचं ऊन फोमला चुकूनही देऊ नका. धुतलं तर स्पंजच तो, पाणी धरून बसतो. वरून कोरडा लागतो आणि आतून कुबट वास येतो.

झोपायला फोमच्या तुकड्यांची उशी मला सोसली नाही. कुशीवर झोपलं की कानाखाली ढेकूळ आणि उष्णता. नवऱ्याला मात्र ती आवडते, त्याला उंच आणि घट्ट उशी लागते. त्यातून मूठभर तुकडे काढून उंची कमी करता येते, हा फायदा मान्य.

आता मुख्य मुद्दा. तिन्ही भरणं पाहिल्यावर एक सुटं कुशन टेबलावर ठेवून नीट निरखलं, तेव्हा भरणावरचा माझा राग कमी झाला. दोन चौकोनी कापडं कडेने शिवून मध्ये भरण घातलं की मध्य वर येतो आणि बाजू आत ओढल्या जातात. कोपऱ्यात दोन्ही कापडं जवळजवळ एकमेकांना टेकतात. तिथे भरणाला जागाच उरत नाही, मग ते पॉलिस्टर असो नाहीतर सावरी. फोम तिथे थांबतो तो फक्त अडकतो म्हणून.

उपाय शिवणीत निघाला. आतली खोळ अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी घ्यायची, म्हणजे सोळा इंची अभ्र्याला शिलाई सोडून अठरा इंचांची खोळ. कोपरे काटकोनात शिवायचे नाहीत. प्रत्येक बाजूच्या चौथ्या भागावर खूण करायची, म्हणजे कोपऱ्यापासून साडेचार इंचांवर. त्या खुणेपासून कोपऱ्याकडे जाताना शिलाई हळूहळू आत घेत जायची, थेट टोकाशी अर्धा इंच आत. सपाट ठेवल्यावर खोळीचे कोपरे किंचित बोथट दिसतात, भरल्यावर चौकोन सरळ दिसतो. मोठी खोळ लहान अभ्र्यात कोंबली जाते आणि तोच दाब भरण कोपऱ्यात ढकलतो.

भरणही कोपऱ्यांपासून. फायबर आधी हातांनी पूर्ण पिंजून घ्यायचं, एकही लगदा राहता कामा नये. मग छोटे पुंजके समोरच्या दोन कोपऱ्यांत, मग कडांना, मध्य सगळ्यात शेवटी. उघड्या बाजूचे दोन कोपरे तोंड शिवायच्या आधी. अशा खोळीत चांगलं सिलिकॉनवालं फायबर ५५० ग्रॅमच्या आसपास लागलं आणि कोपरे अजून भरलेले आहेत. हो, पॉलिस्टरच! ज्याला बाद केलं होतं तेच कुशनसाठी परत आणलं, कारण बसलं तर तेच घरी दुरुस्त होतं. उसवा, पिंजा, मूठभर नवं घाला. शिवाय धुता येतं, फक्त जास्त उष्णतेत वाळवू नका, नाहीतर फायबरची वेटोळी सैल पडून उंची जाते. मोडलेली सावरी आणि विरलेला फोम पुन्हा उभे राहत नाहीत, त्यात नवं भरलं तरी खाली भुकटी तशीच.

विक्रेत्याकडून आलेलं ते गोळ्या होणारं फायबर फेकलं नाही, पैसे मोजलेत. फोमचे तुकडे मोठ्या भोकांच्या जाळीवर चाळले, चुरा काढून टाकला आणि धड तुकडे जमिनीवर बसायच्या जाड आसनाच्या गाभ्यात घातले. भोवती त्याच फायबरचा तळहाताएवढा जाड थर दिला, त्यामुळे खडबडीतपणा वर येत नाही. आसन गोल शिवलंय.