पापणीवरच्या पिवळ्या डागांसाठी मी ३१,५५० रुपये घालवले

आधी आकडा सांगते, कारण तो आठवला की अजून पोटात ढवळतं. ३१,५५० रुपये. त्यात नोंदणी ३००, सहा सिटिंगचं पॅकेज १८,०००, 'आतून चरबी वितळवणाऱ्या' कॅप्सूलच्या चार महिन्यांच्या बाटल्या प्रत्येकी २,९५० प्रमाणे ११,८०० आणि डोळ्यांखाली लावायचं सिरम १,४५०. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजते, खोटी पाचशेची बोटाला लागताच ओळखते. आणि स्वतःच्या नोटा मात्र हसत हसत मोजून दिल्या.

डाग म्हणजे काय, ते ज्यांना आहेत त्यांना सांगायला नको. नाकाच्या बाजूने, वरच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात मऊसर, लोण्यासारखे पिवळे चट्टे. दुखत नाहीत, खाजत नाहीत. माझे आधी मुगाच्या डाळीएवढे होते, तीन वर्षांत दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे लांब झाले. काजळ घातलं की जास्तच उठून दिसायचे. काउंटरवर एक आजोबा रोज विचारायचे, "बाई, डोळ्याला हळद लागलीय का?" त्यात भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. आता सांगा, अशा वेळी बाई काय करील? त्वचारोगतज्ज्ञांचा नंबर अकरा दिवसांनी लागत होता आणि एका क्लिनिकमध्ये त्याच दिवशी संध्याकाळी बोलावलं. पांढरा कोट, भिंतीवर चौकटीतली सर्टिफिकिटं, थंडगार एसी. ती सर्टिफिकिटं जवळ जाऊन वाचली नाहीत, हा माझा पहिला गाढवपणा.

पण खरा क्षण तो नव्हता. खरा क्षण मला रात्री दोनला जाग आली की दिसतो. मी त्या कोटवाल्याला स्वतः विचारलं होतं, "हे कोलेस्टेरॉलमुळे असतं म्हणतात. रक्त तपासून घेऊ का?" तो हसला आणि म्हणाला, "आत्ता नको ताई. कोर्स पूर्ण झाल्यावर करा, म्हणजे किती उतरलं ते दिसेल." आधीचा आकडाच नसेल तर उतरलं हे कशावरून कळणार? कॅश उघडताना शिल्लक न मोजता संध्याकाळी हिशेब जुळवायचा, असलाच तो प्रकार. माझ्या काउंटरवर कुणी असं बोललं असतं तर मी त्याला तिथेच बसवून ठेवलं असतं. तिथे मात्र मान डोलावली. वर मिळालेल्या पावतीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नव्हता, 'ब्यूटी सर्व्हिस चार्जेस' असं लिहिलं होतं. पावती वाचणं हा माझा धंदा आहे हो!

दुसऱ्या सिटिंगला जे झालं ते नीट वाचा. कोटवाला आलाच नाही. एक पोरगी आली, काडीला कापूस गुंडाळून बाटलीत बुडवला आणि "डोळे मिटा" म्हणाली. डोळ्यावर झाकण नाही, कडेला व्हॅसलीन नाही, काही नाही. बाटलीवर लेबल नव्हतं. ते ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड असणार, हे मला नंतर खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. ते वापरतातच, नीट हातात असेल तर उपाय चांगला आहे. त्याची तीव्रता डागाच्या जाडीनुसार ठरवतात, कातडी पांढरी पडली की थांबतात. हिचं थांबणं वगैरे काही नव्हतं. एक ओघळ डोळ्याच्या कोपऱ्यात उतरला. आग अशी की मी खुर्चीवरून उठले. तिने माझ्याच पर्समधली पाण्याची बाटली ओतली आणि म्हणाली, "होतं असं थोडं." दोन दिवस डोळा लाल होता. बुबुळाला काही झालं नाही, हे नशीब, तिचं कौशल्य नव्हे.

खपली धरली, नवव्या दिवशी पडली. खाली गुलाबी, आणि मी खूश! लग्नात फोटो काढून घेतले. पुढच्या महिन्यात गुलाबीचं तपकिरी झालं, मग काळपट. आपल्या गव्हाळ कातडीवर हा धोका कुठल्याही जाळण्याच्या उपायात असतो, कधी काळं पडतं, कधी पांढरं. हे आधी सांगायला हवं होतं. सहाही सिटिंग झाल्या आणि पाचव्या महिन्यात त्याच जागी पिवळं परत. फोन केला तर "टचअपचे ३,५०० होतील." त्या कॅप्सूलच्या बाटलीवर काय काय घातलंय तेही लिहिलेलं नव्हतं, फक्त हिरव्या पानाचं चित्र. लेबलवर उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक नसलेली वस्तू तोंडात घालू नका. मी घातली, चार महिने.

शेवटी गेले त्वचारोगतज्ज्ञांकडे, फी ८००. बाईंनी पापणी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "वडील आहेत?" मला वाटलं, कुणाला बोलावून आणायला सांगतात की काय. मी म्हटलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले, हार्ट अटॅक. मग त्यांनी माझी टाच बघितली. घोट्यामागची धोंडशीर दोन बोटांत धरून म्हणाल्या, "ही जाड आहे." उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल आणि थायरॉइड लिहून दिलं. ९५० रुपयांची तपासणी. एकूण कोलेस्टेरॉल ३०२, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १६८, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल २२२. थायरॉइड ठीक. थायरॉइड मंद असेल तरी कोलेस्टेरॉल चढतं, म्हणून ती तपासणी सोबत.

मग बाईंनी जे समजावलं ते त्या १८,००० च्या पॅकेजमध्ये कुणी एका वाक्यात सांगितलं असतं, तर मी आज हे लिहीत नसते. पापणीवरचा डाग म्हणजे पापणीच्या कातडीत चरबी खाऊन फुगलेल्या पेशींचा थर. प्रत्येकाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असतंच असं नाही. डाग असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं रक्त नॉर्मल येतं. पण नॉर्मल आलं म्हणून विषय संपत नाही. कोपनहेगनमध्ये सुमारे १२,७०० माणसांवर कित्येक वर्षं नजर ठेवली, २०११ मध्ये निकाल छापून आला. डाग असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका जास्त दिसला, आणि तो कोलेस्टेरॉलचा आकडा बाजूला ठेवूनही. म्हणजे डाग दिसला तर रक्त, रक्तदाब, साखर एकदा पाहून घ्यायची. ज्यांच्या घरात तरुणपणी हार्ट अटॅक झालेला आहे आणि एलडीएल १९० च्या वर आहे, त्यांच्यात ते आनुवंशिक असण्याची शक्यता धरतात. माझ्या जाड धोंडशिरेमुळे माझ्या बाबतीत ती आणखी वाढली. आणि तसं असेल तर मुलाला किंवा मुलीला ते येण्याची शक्यता निम्मी. मुलगी सोळा वर्षांची आहे, तिचं एलडीएल १७१ आलं. हे वाचताना मी मुकाट बसून होते. चार महिने मी हिरव्या पानाच्या कॅप्सूल गिळत होते आणि हा आकडा माझ्या रक्तात तसाच होता.

डाग काढायचेच असतील तर कसे, तेही विचारलं. कापून काढता येतात, पण कातडी जास्त गेली तर पापणी ओढली जाते, म्हणून त्याला पापणीचा सर्जन लागतो. कार्बन डायऑक्साइड लेसर, रेडिओफ्रीक्वेन्सी, तेच ॲसिड, सगळं चालतं, फक्त डोळ्याला संरक्षण देऊन आणि माझ्यासारख्या काळवंडणाऱ्या कातडीवर जपून. आणि परत येणं ही या डागांची खोडच आहे. शस्त्रक्रियेच्या एका जुन्या पाहणीत पहिल्या वेळेनंतर दहातल्या चौघांना परत आले होते. चारही पापण्यांवर डाग असतील किंवा रक्तात चरबी चढलेली असेल तर जास्तच. म्हणून 'कायमचं घालवतो' म्हणणाऱ्याच्या दारातून बाहेर पडा. बाईंनी मला सांगितलं, आधी रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली आणा, डाग नंतर बघू, घाई नाही. रोसुवास्टॅटिन चालू केलं, सहा आठवड्यांनी एलडीएल ११८. डाग गोळीने गेले नाहीत, आणि जातील असं त्यांनी सांगितलंही नव्हतं. खरं बोलणाऱ्यांकडे पैसे जास्त लागत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात गेले, जळालेल्या पापणीचे फोटो आणि पावत्या घेऊन. हवालदार म्हणाले, "ताई, डाग घालवायला गेलात आणि डाग आला, यात गुन्हा कुठला?" अर्ज घ्यायलासुद्धा दोन खेपा. डॉक्टरांची नोंदणी होते त्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळालं, "त्यांचं नाव आमच्या यादीत नाही, त्यामुळे आम्हाला कारवाई करता येत नाही." थांबा. यादीत नाही, हाच तर गुन्हा! आमच्या राज्यात नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणं १९६१ च्या कायद्याने बंद आहे, हे मला एका ग्राहकाने, वकील आहे बिचारा, काउंटरवर सांगितलं. मग महापालिकेच्या आरोग्य विभागात गेले. तिथले साहेब म्हणाले, ते पार्लर म्हणून नोंदलेलं आहे, दवाखाना नाही, दुकान विभागाकडे जा. दुकान विभाग म्हणाला, आत ॲसिड लावतात हे आमच्या अखत्यारीत येत नाही. चार खिडक्या, प्रत्येकीवर 'पुढच्या खिडकीत चौकशी करा'. मी अशी खिडकी चालवली असती तर संचालकांनी मला पहिल्या आठवड्यातच घरी बसवलं असतं. पगार मात्र सगळ्यांचा माझ्या कराच्या पैशातून.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. तिथे पाच लाखांपर्यंत पैसे दिलेल्या प्रकरणाला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांत जायचं असतं. त्या क्लिनिकची 'ब्यूटी सर्व्हिस'ची पावतीच तिथे कामाला आली, कारण सेवा घेतल्याचा तोच पुरावा. म्हणून पैसे रोख देऊ नका, पावतीशिवाय तर मुळीच नाही. बाटली फेकू नका. पहिल्याच दिवशी पापणीचा फोटो काढा, तारखेसकट. मी बाराशे रुपयांचं कॅश बिल हरवलं, ते मोजणीत घेता आलं नाही, म्हणून वरच्या आकड्यात नाही.

"तूच इतकी शिकलेली आणि अशी फसलीस?" असं नवऱ्याची बहीण म्हणाली. शिकलेले म्हणूनच फसतो, ताई. टॅब्लेटच्या पडद्यावर कुणी आलेख दाखवला की आपल्याला पटतं.

भावाला तपासायला लावायला तीन आठवडे भांडले. "मला कुठे डाग आहेत?" हे त्याचं म्हणणं. एलडीएल २४० आलं. जिना चढताना धाप लागते हे त्याने तेव्हा कबूल केलं. गेल्या गुरुवारी अँजिओग्राफी झाली, एका नसेत साठ टक्के अडथळा. गोळ्या चालू आहेत. वय पन्नास. त्याच्या पापण्या स्वच्छ आहेत.