थकीत पगारावरची सवलत: कार्यालयातून की रिटर्नमधून?

सांगलीतल्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. 2022-23 च्या पगाराचा 1 लाख फरक त्यांना 2024-25 मध्ये मिळाला. दोन्ही वर्षं जुनी करप्रणाली. फरक सोडून करपात्र उत्पन्न 2022-23 मध्ये 8 लाख, 2024-25 मध्ये साडेनऊ लाख. फरकामुळे 2024-25 चा कर सेससह 26,000 ने वाढतो. तोच फरक 2022-23 मध्ये धरला तर 20,800 ने. उशिरा मिळाल्यामुळे पडलेला हा जास्तीचा कर म्हणजेच 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 89 ची सवलत: 5,200 रुपये.

कार्यालयात वेळेत हिशोब दिला, तर टीडीएसच तेवढा कमी कापला जातो आणि सवलत फॉर्म 16 मध्ये दिसते. नाहीतर पूर्ण कापून घ्यायचा आणि रिटर्नमध्ये मागून रिफंडची वाट पाहायची. पैसा हातात राहतो म्हणून पहिला मार्ग बरा.

पण घोटाळाही त्यातच होतो. फॉर्म 16 मध्ये आकडा आहे म्हणून आयकर पोर्टलवर या सवलतीचा Form 10E भरायचा राहतो. तो रिटर्नआधी, स्वतःच्या लॉगिनने, दोन्ही मार्गांत भरावाच लागतो. आकारणी वर्ष निवडायचं ते पैसे मिळाल्याच्या वर्षाचं, म्हणजे इथे 2025-26. नाही भरला, तर सवलत नाकारून आयकर विभागाची कलम 143(1) ची सूचना येते.

जुन्या वर्षाचं उत्पन्न 4.9 लाख असतं, तर? फरक धरल्यावर उत्पन्न 5 लाखांवर जातं, कलम 87A ची करातली सूट जाते आणि तिथला कर 31,720 ने, म्हणजे 26,000 पेक्षा जास्त वाढतो. म्हणजे सवलत शून्य.