निकालाआधी कॉल, स्प्रेड की स्ट्रॅडल? आधी त्या एका रात्रीची किंमत बघा

माझ्या भाच्याने मागच्या तिमाहीत एका कंपनीचा कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क देणारा ऑप्शन, निकालाच्या आदल्या दुपारी घेतला. निकाल चांगला आला, सकाळी शेअर एक टक्का वर उघडला आणि कॉल चार रुपयांनी खाली. ‘मामा, ब्रोकरच्या ॲपमध्ये गडबड आहे,’ असा त्याचा फोन. गडबड काहीच नव्हती. यंदा पुन्हा निकाल जवळ आलाय आणि या वेळी त्याने आधी विचारलं: कॉल घेऊ, स्प्रेड करू, स्ट्रॅडल घेऊ की विकू? त्याला कागदावर जे मांडून दाखवलं तेच इथे लिहितो.

ऑप्शनच्या प्रीमियममध्ये, म्हणजे त्याच्या किमतीत, शेअरचा भाव, स्ट्राइक म्हणजे तो ठरलेला भाव, मुदतीचे उरलेले दिवस आणि व्याजदर या गोष्टी सगळ्यांना दिसतात, त्यावर वाद नसतो. न दिसणारी गोष्ट एकच: एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, शेअर किती हलेल. बाजारात चालू असलेला प्रीमियम सूत्रात घालून उलटं गणित केलं की जो आकडा निघतो ती इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही. शेअर वर जाईल की खाली हे ती सांगत नाही. हालचालीसाठी लोक आज किती पैसे मोजताहेत एवढंच सांगते. आकडा वार्षिक असतो, म्हणून त्याला १६ ने भागायचं (वर्षात साधारण २५२ ट्रेडिंगचे दिवस, त्याचं वर्गमूळ जवळपास १६). आयव्ही २० असेल तर बाजार रोज सव्वा टक्क्याच्या आसपास हालचाल धरून चाललाय.

आता एक काल्पनिक शेअर घेऊ. भाव १५०० रुपये, लॉट ४०० चा, म्हणजे एका सौद्यात ४०० शेअर. एरवी तो रोज सव्वा टक्का हलतो, पण निकालानंतरच्या दिवशी साडेचार टक्के हलेल असा बाजाराचा अंदाज आहे. एक्स्पायरीला १० सत्रं उरलीत, त्यातलं एक निकालाचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. हालचालींची थेट बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. सव्वाचा वर्ग दीडच्या थोडा वर, साडेचारचा वर्ग सव्वावीस. म्हणजे निकालाचं ते एक सत्र साध्या १३ सत्रांच्या वजनाचं आहे. कॅलेंडरवर १० दिवस दिसतात, पण प्रीमियम २२ दिवसांचा घेतला जातो. उरलेल्या दहा दिवसांवर ते वजन सारखं पसरलं की आयव्ही ३० च्या आसपास दिसते. निकाल लागून गेला की उरतात नऊ साधे दिवस, आणि आयव्ही रातोरात परत २० वर येते. यालाच बाजारात आयव्ही क्रश म्हणतात.

‘निकालाआधी प्रीमियम उसळतात’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे. आमच्या शेअरमध्ये २० सत्रं उरली असताना १५०० चा कॉल आणि त्याच भावाला विकण्याचा हक्क देणारा पुट मिळून साधारण ८५ रुपयांना असतील आणि आयव्ही २५. दहा सत्रं उरली की तेच दोन्ही मिळून ७० रुपये, पण आयव्ही ३०. आयव्ही चढली तरी रुपयांत प्रीमियम थोडा उतरलाच. साधे दिवस एकेक करून निघून जातात, जड दिवस तिथेच बसून असतो, म्हणून सरासरी वर जाते. निकाल नसता तर हेच दोन ऑप्शन ४७ रुपयांना मिळाले असते. खरी उसळी बहुधा दोनदाच दिसते. एकदा बोर्ड मीटिंगची तारीख जाहीर होऊन निकाल या महिन्याच्या एक्स्पायरीच्या आत येतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा निकाल खराब येईल अशी कुजबुज सुरू होऊन सगळे पुट घ्यायला धावतात तेव्हा. निकाल एक्स्पायरीनंतर असेल तर चालू महिन्याचे प्रीमियम शांत राहतात आणि पुढच्या महिन्याचे फुगतात. एवढ्यावरूनही कळतं की पैसे त्या एका रात्रीचे आहेत.

आता पर्याय. आदल्या दुपारी १५०० चा कॉल ३५ रुपये, पुटही ३५, आणि १५६० चा कॉल १३ रुपये. स्प्रेड म्हणजे १५०० चा घ्यायचा आणि १५६० चा विकायचा, खर्च २२. स्ट्रॅडल म्हणजे १५०० चे कॉल आणि पुट दोन्ही, खर्च ७०. निकालानंतर सकाळी आयव्ही २० वर आलेली धरून प्रति शेअर नफा-तोटा असा येतो (व्याज, ब्रोकरेज आणि कर सोडून):

| सकाळचा भाव | कॉल | स्प्रेड | स्ट्रॅडल घेतला तर |
|---|---|---|---|
| ९ टक्के खाली | −३५ | −२२ | +६५ |
| जागच्या जागी | −१३ | −४ | −२५ |
| २ टक्के वर | +५ | +८ | −१९ |
| ५ टक्के वर | +४२ | +२५ | +१० |

नुसता कॉल घेणाऱ्याला दिशा बरोबर सापडूनही भागत नाही. शेअर सुमारे २२ रुपये, म्हणजे जवळपास दीड टक्का वर उघडला तरच त्याचे पैसे जेमतेम सुटतात. भाच्याचं नेमकं हेच झालं होतं. एक टक्का वर गेल्यावर ३५ चा कॉल ३१ ला आला. कॉलला अर्थ आहे तो निकाल नुसता चांगला नव्हे, लोकांच्या अपेक्षेपेक्षा बराच चांगला येईल असं ठाम वाटत असेल तेव्हाच. ‘नफा वाढलाय’ आणि ‘अपेक्षेपेक्षा जास्त वाढलाय’ यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि शेअर हलतो तो दुसऱ्यावर.

स्प्रेडमध्ये तुम्ही फुगलेला एक ऑप्शन घेता आणि फुगलेलाच दुसरा विकता. आयव्ही पडली की दोन्ही उतरतात, म्हणून मार निम्म्याहून कमी बसतो. शेअर जागेवरच राहिला तर कॉलवाल्याचे १३ जातात, स्प्रेडवाल्याचे ४. दोन टक्के वर गेला तर कमी खर्चात जास्त नफा. किंमत मोजावी लागते ती वरच्या टोकाला. शेअर दहा टक्के उडाला तरी स्प्रेडला एक्स्पायरीपर्यंत ६० रुपयांच्या वर काही मिळणार नाही, म्हणजे खर्च वजा जाता ३८. मला वाटतं, दिशेचं मत आहे पण किती हलेल याचा अंदाज नाही, अशा माणसाला हाच पर्याय सोयीचा. बहुतेक लोक याच गटात असतात, कबूल करोत वा न करोत.

स्ट्रॅडल घेणारा म्हणतो, दिशा कोणतीही असो, हलू दे. पण किती? आमच्या उदाहरणात त्याला रातोरात ४.२ टक्क्यांच्या वरची हालचाल लागते. म्हणून घेण्याआधी त्याच कंपनीचे मागचे आठ निकाल काढावेत आणि दुसऱ्या दिवशी बंद भाव किती टक्के हलला ते लिहून काढावं. आठपैकी सहा वेळा तीन टक्क्यांच्या आत राहिला असेल, तर तुम्ही महाग माल घेताय. आठ आकडे फार नाहीत, हे खरं. पण कोणाच्या तरी ‘या वेळी मोठं काहीतरी आहे’पेक्षा ते बरे.

मग विकावा का? तक्ता उलटा वाचला की विकणारा दिसतो: जागेवर राहिला तर प्रति शेअर २५, लॉटमागे १० हजार एका रात्रीत. मोह होतोच. पण पहिली ओळही उलटी वाचा: ६५ रुपये, म्हणजे २६ हजारांचा फटका. नऊ टक्के हा आकडा भीती दाखवायला घेतलेला नाही. इन्फोसिसचा निकाल १३ एप्रिल २०२३ ला बाजार बंद झाल्यावर आला आणि पुढच्या सत्रात, १७ एप्रिलला, शेअर नऊ टक्क्यांहून जास्त पडला. एचडीएफसी बँकेचा निकाल १६ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी आला आणि दुसऱ्या दिवशी शेअर आठ टक्क्यांच्या वर खाली. दोन्ही एरवी शांत समजले जाणारे मोठे शेअर. निकाल असा बाजार बंद असताना आला की स्टॉपलॉस मध्येच लागत नाही. शेअर थेट खालीच उघडतो. विकायचंच असेल तर दोन्ही बाजूंना लांबचे स्ट्राइक घेऊन तोटा बांधून ठेवा. नफा कमी होईल, मार्जिनही कमी लागेल. उघडा स्ट्रॅडल मी तरी विकत नाही.

आणखी एक पर्याय कोणी मोजत नाही: निकाल लागू द्यायचा आणि मग घ्यायचं. सकाळच्या उडीतला वाटा हातचा जातो, पण भाव जिथे उघडेल तिथला कॉल ३५ ऐवजी २२-२३ ला मिळतो. ज्याचं म्हणणं ‘निकालानंतर हा शेअर आठवडाभर चालेल’ असं आहे, त्याने त्या १३ दिवसांचे जादा पैसे का द्यावेत?

हे सगळे आकडे गुळगुळीत आहेत, प्रत्यक्ष बाजार खडबडीत असतो. एनएसईच्या ऑप्शन चेनमध्ये आयव्हीचा रकाना दिसतो, पण जिथे दिवसभरात दोन-चारच सौदे झालेत तिथला आकडा शिळ्या भावावरून काढलेला असतो. भावाला लागून असलेले दोन-तीन स्ट्राइकच बघा. तेही कॉल आणि पुट दोन्हींचे, आणि खरेदी-विक्रीच्या बोलीतलं अंतर पाहून. शेअरच्या ऑप्शनमध्ये सकाळी सव्वानऊला ते अंतर कधी कधी पाच-सहा रुपयांचं असतं. २२ रुपयांच्या स्प्रेडमध्ये दोन ऑप्शन घेताना आणि पुन्हा सोडताना ते भरलं, तर तक्त्यातल्या दोन टक्क्यांच्या ओळीतला नफा तिथेच संपतो. मार्केट ऑर्डर टाकू नका, लिमिट लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आणि पोझिशन एक्स्पायरीपर्यंत ओढू नका. शेअरच्या ऑप्शनमध्ये आता डिलिव्हरी होते. एक्स्पायरीला शेअर १५०० च्या वर असला तर १५०० च्या कॉलवर ४०० शेअर, म्हणजे सहा लाखांचा माल उचलावा लागतो, आणि त्याचं मार्जिन शेवटच्या काही दिवसांपासूनच मागायला सुरुवात होते. भाच्याच्या खात्यात ४० हजार आहेत. त्याने १५००-१५६० चा एक लॉट केलाय, २२.५० ला, आणि निकालानंतरच्या सकाळी अकराच्या आत सोडायचा असं ठरवलंय.