हळदीच्या स्टॉलचे अंदाजपत्रक: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आमची शेतकरी उत्पादक कंपनी प्रामुख्याने हळद विकते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून आमच्या भागात मुंबई-दिल्लीच्या व्यापार मेळ्यांची निमंत्रणे येऊ लागली. निमंत्रण आले की संचालकांच्या बैठकीत एकच प्रश्न निघतो, तो म्हणजे स्टॉलला लागणारा पैसा परत येईल का. या प्रश्नासाठी आम्ही एका प्रशिक्षणात मिळालेला अंदाजपत्रकाचा एक्सेल तक्ता वापरायला घेतला. जागेचे भाडे, सजावट, प्रवास, नमुने आणि अपेक्षित चौकश्या अशी त्याची पाच पाने आहेत. मुंबईतील गोरेगावच्या एका मेळ्यापूर्वी आम्ही तो भरला, मेळ्यात तपासला आणि नवी हळद बाजारात येईपर्यंत चालू ठेवला. त्या पूर्ण फेरीनंतर हा अनुभव लिहीत आहे.

पहिली चार पाने चांगली आहेत आणि त्याचे मुख्य कारण असे की तक्ता प्रत्येक खर्चापुढे ‘हा पैसा कधी द्यावा लागेल’ हे विचारतो. आमच्यासारख्या कंपनीकडे खेळते भांडवल थोडे असते आणि तेही शेतकऱ्यांच्या मालात अडकलेले असते, म्हणून एकूण आकड्याइतकीच ही तारीख महत्त्वाची ठरते. आम्ही तीन मीटर बाय तीन मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटरचा तयार स्टॉल घेतला. प्रति चौरस मीटर ९,००० रुपये दराने त्याचे भाडे ८१,००० रुपये झाले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १४,५८० रुपये वेगळे भरावे लागले. तक्त्यात हा कर भाड्यात मिसळलेला नाही, स्वतंत्र रकान्यात आहे, आणि ते योग्यच आहे, कारण हळद पावडरीवरील ५ टक्के कराच्या देण्यातून त्याची वजावट मिळते. मात्र विक्रीवरचा कर ५ टक्के आणि भाड्यावरचा १८ टक्के असल्याने ती वजावट संथपणे वसूल होते. राज्याबाहेरच्या मेळ्यात आयोजकाने त्या राज्याचा कर लावून बिल दिले, तर ही वजावट मिळतच नाही. म्हणून दिल्लीचा विचार असेल तर जागा नोंदवण्यापूर्वीच बिल कोणत्या कराचे येणार हे लेखी विचारून घ्यावे.

तयार स्टॉलमध्ये काय मिळते याची यादी तक्त्यात आधीच भरलेली आहे आणि नवख्या माणसाला तिचा खरोखर उपयोग होतो. तीन बाजूंचे पांढरे पॅनेल, वरच्या पट्टीवर कंपनीचे नाव, गालिचा, एक टेबल, दोन खुर्च्या, काही दिवे आणि एक ५ अँपिअरचा प्लग एवढेच साधारणपणे भाड्यात असते. मांडणीसाठी फळ्या, उंच काउंटर किंवा कुलूपबंद कपाट हवे असेल तर ते भाड्याने घ्यावे लागते आणि मुदत उलटल्यावर मागितले तर दर वाढतो. प्लगकडे विशेष लक्ष द्यावे. पाच अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ११५० वॅट, आणि चहाची साधी विजेची किटली बहुधा १५०० वॅटची असते. हळदीचे दूध पाजण्याची कल्पना सगळ्यांनाच सुचते, पण त्या प्लगवर किटली लावली की स्टॉलचे दिवेही जाण्याची शक्यता असते. जास्तीचा वीजभार आगाऊ मागून त्याचे पैसे भरावे लागतात, म्हणून आम्ही मुक्कामाच्या ठिकाणाहून मोठ्या थर्मासमध्ये दूध नेण्याचे ठरवले आणि तो रकाना कोरा ठेवला.

सजावटीला आम्ही १८,००० रुपये धरले होते आणि तेवढेच लागले, कारण मागच्या भिंतीच्या तीन पॅनेलांची छपाई नागपुरात करून गुंडाळी सोबत नेली. एक पॅनेल साधारण एक मीटर रुंद असते, पण चौकटीच्या पट्ट्यांमुळे दिसणारी जागा थोडी कमी भरते, म्हणून नेमके माप आयोजकांच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. मजकुरात आम्ही शेताचे मोठे छायाचित्र टाळले आणि कर्क्युमिनचे प्रमाण, उपलब्ध माल व पॅकिंग या तीनच गोष्टी मोठ्या अक्षरांत ठेवल्या. मसाला कंपनीचा खरेदीदार वाटेने चालता चालता हेच वाचतो. भौगोलिक मानांकनाचे चिन्ह छापायचे असेल तर कंपनीची किंवा शेतकऱ्यांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेली असावी लागते. त्या नोंदणीचा उल्लेख तक्त्यात कुठेच नाही.

प्रवासाच्या पानात तिघांचे जाणे-येणे, मुक्काम, जेवण आणि मुंबईतील स्थानिक प्रवास मिळून ३५,००० रुपये होते. येथे तक्ता दोन रात्री कमी मोजतो. तो मेळ्याच्या दिवसांवरून मुक्काम काढतो, पण शेवटच्या संध्याकाळी सहापर्यंत स्टॉल उतरवू देत नाहीत, त्यानंतर उरलेला माल बाहेर काढण्यासाठी गेट पास घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे येणारी विदर्भ एक्सप्रेस सातच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. गोरेगावहून ती गाठणे शक्य नसते. मांडणीच्या दिवसाची रात्र आणि ही शेवटची रात्र स्वतःहून जोडली, तेव्हाच मुक्कामाचा आकडा खरा झाला.

नमुन्यांसाठी २१,००० रुपये ठेवले होते. त्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, छोटी पाकिटे, गंभीर ग्राहकांसाठी पाव किलोचे पुडे आणि मालाची पाठवणी आली. तक्ता सर्व नमुने एकाच दराने मोजतो, पण आम्ही दोन प्रकार वेगळे केले. पंचवीस ग्रॅमचे पाकीट येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात जाते. पाव किलोचा पुडा मात्र नाव, मासिक गरज आणि सध्याचा खरेदी दर सांगणाऱ्यालाच दिला जातो, आणि त्यावर अहवालातील तोच लॉट क्रमांक असतो. लॉट जुळला नाही तर खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत आकडा वेगळा येतो आणि बोलणी तिथेच संपतात. फुकट पाकिटांची संख्या वाढवून चौकश्या वाढत नाहीत, हे दुसऱ्या दिवशी दुपारीच दिसू लागले.

खरी तक्रार पाचव्या पानाबद्दल आहे. तक्ता अपेक्षित चौकश्या काढताना आयोजकांनी सांगितलेल्या एकूण अभ्यागतांचा एक टक्का घेतो. हा हिशेब कागदावर देखणा दिसतो, पण स्टॉलवर किती माणसे बोलायला उभी आहेत याचा त्यात विचारच नाही. आम्ही ते सूत्र काढून टाकले आणि बोलणाऱ्या माणसांचे तास धरले. तीन दिवस, रोज कामाचे पाच तास आणि बोलणारी दोन माणसे म्हणजे ३० तास. तिसरा माणूस नमुने, जेवणाची पाळी आणि नोंदी सांभाळतो. नीट विचारपूस करून नोंद लिहायची तर तासाला चारपेक्षा जास्त संभाषणे होत नाहीत, म्हणजे १२० संभाषणे झाली. त्यातील एक तृतीयांश माणसे खरोखर माल घेणारी धरली तर ४० पक्क्या चौकश्या येतात. अभ्यागत वीस हजार असोत वा पन्नास हजार, आमची मर्यादा हीच राहते.

आता एकूण खर्च पाहू. भाडे ८१,०००, सजावट १८,०००, प्रवास ३५,०००, नमुने २१,००० आणि मेळ्यानंतरच्या पाठपुराव्यासाठी आम्ही स्वतः जोडलेले ५,००० असे मिळून १,६०,००० रुपये होतात. चाळीस चौकश्यांनी भागले तर एक चौकशी ४,००० रुपयांना पडते. घाऊक हळद पावडरीत आम्हाला किलोमागे ४० रुपये सुटतात, म्हणून खर्च भरून निघायला ४ टन विक्री हवी. किरकोळ दुकानदाराच्या मालात किलोमागे ८० रुपये सुटतात, पण तो पहिल्यांदा २५ किलो घेतो आणि त्यातून २,००० रुपये मिळतात. म्हणजे दुकानदाराची चौकशी पहिल्या मागणीत तिच्या खर्चाच्या निम्मीच परत देते. त्याने निदान पुन्हा एकदा माल मागवला तरच बरोबरी होते. एकटी मसाला कंपनी एक टन घेते आणि दहा चौकश्यांचा खर्च भरून काढते. हा फरक मूळ तक्त्यात दिसत नाही, कारण त्याच्या लेखी सगळ्या चौकश्या सारख्याच आहेत. आम्ही त्या पानाचे घाऊक, वितरक आणि दुकानदार असे तीन भाग केले, आणि त्यानंतर स्टॉलवर कोणाला किती वेळ द्यायचा याबाबत वाद उरला नाही.

प्रत्यक्षात पिशवीभर व्हिजिटिंग कार्डे जमली, पण पक्क्या चौकश्या ३१ निघाल्या. आमच्या सहकाऱ्याने परतल्यावर फोन लावता लावता म्हटले, “कार्डं तं लय भेटले भाऊ, पन फोन कोन उचलते?” एकतीसपैकी नऊ जणांनी एक किलोचा दुसरा नमुना मागवला आणि तो पाठवण्यासाठी दर वेळी हिंगणघाट गाठावे लागले, म्हणून पाठपुराव्याचे ५,००० रुपये अपुरेच पडले असते, जर बरेचसे पुडे स्पीड पोस्टने गेले नसते. घाऊक मागण्या मेळ्यानंतर लगेच आल्या नाहीत. खरेदीदार नमुना तपासतो, जुन्या पुरवठादाराचा करार संपण्याची वाट पाहतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद खोदून, उकळून, वाळवून झाल्यावर नव्या मालाचा दर विचारतो. मूळ तक्ता मेळ्यानंतर तीस दिवसांनी ‘निकाल’ मागतो. त्या तारखेला आमच्या रकान्यात जवळजवळ शून्य होते आणि एका संचालकांनी पुढचा मेळा रद्द करण्याचे सुचवलेही होते.

नव्या हळदीचा हंगाम धरून पाहिले तर घाऊक २,६०० किलो आणि दुकानदारांकडे ३०० किलो माल गेला. त्यातून अनुक्रमे १,०४,००० आणि २४,००० असे १,२८,००० रुपये सुटले, म्हणजे अजून ३२,००० रुपये भरून निघायचे आहेत. दोन घाऊक ग्राहक पुन्हा माल मागत आहेत, त्यामुळे ही तूट वर्ष संपण्यापूर्वी भरेल असे मला वाटते, पण ते तक्त्यात मी अजून लिहिलेले नाही. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या विपणन साहाय्य योजनेतून स्टॉल भाड्याचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी उद्यम नोंदणी आणि मूळ बिले लागतात आणि पैसे मेळ्यानंतर येतात. तक्ता ही रक्कम खर्चातून आधीच वजा करून दाखवतो. ती वजाबाकी आम्ही काढून टाकली आहे आणि खाली एका वेगळ्या ओळीत ‘आल्यास’ असे लिहून ठेवली आहे. पुढच्या वेळी तीस दिवसांच्या निकालाच्या जागी एप्रिल अखेरची तारीख असेल, आणि घाऊक ग्राहकाशी बोलायला दोघांऐवजी तिघे असतील.