सुपर टॉप-अप पॉलिसी जवळपास दोन वर्षं वापरल्यावर: शेड्यूलच्या पानावर नेमकं काय बघायचं

जून २०२४ मध्ये घेतलेली सुपर टॉप-अप आरोग्य पॉलिसी, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा दवाखान्याचा खर्च देणारी, आता दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे आलीय. मधे एक मोठा क्लेम झाला, म्हणून आता लिहितोय. क्लेम न झालेल्या पॉलिसीबद्दल हप्ता किती आणि ॲप कसं चालतं यापलीकडे काही सांगता येत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खाली जे आहे ते कुठल्याही कंपनीच्या पानावर ताडून बघता येईल.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो. पगार ईएसआयसीच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेला तसा दवाखान्याचा खर्च आपल्या अंगावर आला. घरी मी, बायको आणि वडील. तिघांची मिळून ५ लाखांची जुनी मूळ पॉलिसी आहे, ती दर वर्षी १ एप्रिलला नव्याने सुरू होते. तिच्यावर दुसऱ्या कंपनीची ही सुपर टॉप-अप, सुरुवात १० जून. या दोन तारखांकडे पुढे परत यायचंय.

गेल्या महिन्यात मेव्हण्याने त्याच्या नव्या सुपर टॉप-अपच्या शेड्यूलचा, म्हणजे पॉलिसीचे आकडे आणि तारखा छापलेल्या पानाचा, फोटो पाठवला. "दाजी, दहा लाखाचं कव्हर घेतलंय. आईचे गुडघे बसतील का यात?" फोटोत दहा लाखाचा आकडा ठळक होता, पण उजवीकडचे दोन रकाने कापले गेले होते. त्याच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या रकान्यांत होतं. पान सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा फोटो परत मागवला. (कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणार असाल तर पॉलिसी नंबर, जन्मतारीख आणि नॉमिनीचं नाव झाका. लोक सर्रास टाकतात.)

आधी सम इन्शुअर्ड, म्हणजे विमा रक्कम. कंपनी एका पॉलिसी वर्षात जास्तीत जास्त इतके देईल, एवढाच त्याचा अर्थ. शेजारी फ्लोटर लिहिलं असेल तर हा आकडा सगळ्या कुटुंबाचा मिळून असतो, माणशी नसतो. माझ्या पानावर आज १५ लाख दिसतात, पण खाली बारीक अक्षरात त्याचे दोन तुकडे आहेत: १० लाख जून २०२४ पासून आणि वाढवलेले ५ लाख जून २०२५ पासून. रक्कम वाढवली की वाढलेल्या भागाला वेटिंग पीरियड, म्हणजे काही आजारांचे पैसे न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, पुन्हा पहिल्यापासून लागतो, म्हणून हे तुकडे. वडिलांचा मधुमेह अर्जात लिहिलेला होता आणि माझ्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी १२ महिन्यांचं वेटिंग आहे. म्हणजे या जानेवारीत मधुमेहाशी जोडलेल्या आजाराला १० लाखच मोकळे होते, उरलेले ५ लाख पानावर असून नसल्यासारखे. ठळक आकडा वाचून थांबणारा इथे फसतो.

आता डिडक्टिबल. माझा ५ लाखांचा आहे. पहिल्या ५ लाखांपर्यंतचा खर्च ही कंपनी देत नाही, तो मूळ पॉलिसीतून येवो की खिशातून, तिला फरक पडत नाही. त्याच्या वर गेलं की १५ लाखांपर्यंत ती देते. डिडक्टिबल त्या १५ लाखांतून वजा होत नाही, निदान माझ्या पॉलिसीत तरी नाही. पण आकड्याइतकाच त्याच्या शेजारचा शब्द महत्त्वाचा. माझ्या पानावर ॲग्रीगेट आहे, म्हणजे वर्षभरातली सगळी बिलं एकत्र करून ५ लाखांची उंची मोजली जाते. साध्या टॉप-अपमध्ये तिथे पर क्लेम असतं, म्हणजे प्रत्येक ॲडमिशनला ५ लाख नव्याने मोजायचे. फरक किती पडतो ते आमच्या घरचंच सांगतो.

ऑगस्टमध्ये बायकोला डेंग्यू झाला. मान्य झालेलं बिल ९०,०००, ते मूळ पॉलिसीने दिलं. जानेवारीत वडिलांची बायपास झाली. बिल ५,६०,००० चं, त्यातले २४,००० दोन्ही कंपन्यांच्या नियमात न बसणारे: हातमोजे, फाइलचे पैसे, सोबत्याचं जेवण असलं सगळं. मान्य रक्कम राहिली ५,३६,०००. मूळ पॉलिसीत ४,१०,००० शिल्लक होते, ते सगळे संपले. उरले १,२६,०००.

दोन्ही मान्य बिलं मिळून ६,२६,०००. त्यातून ५ लाखांचं डिडक्टिबल गेलं की १,२६,००० राहतात, आणि सुपर टॉप-अपने तेवढे दिले. आमच्या खिशातून फक्त ते २४,००० गेले. हीच पॉलिसी पर क्लेम असती तर डेंग्यूचं बिल मोजलंच गेलं नसतं. ५,३६,००० मधून ५ लाख वजा करून ३६,००० मिळाले असते आणि ९०,००० आमच्यावर पडले असते.

पैसे आले, पण सहज आले नाहीत. दवाखान्यात कॅशलेस चाललं ते मूळ पॉलिसीचं. वरची रक्कम आधी आम्ही भरली आणि नंतर सुपर टॉप-अपकडे रिइंबर्समेंटला कागद लावले. त्यांनी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि तिने शिक्का मारलेल्या बिलांच्या प्रती मागितल्या. बायपासच्याच नाही, डेंग्यूच्यासुद्धा. ऑगस्टचं सेटलमेंट लेटर बायकोने फाइलला लावून ठेवलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर डिडक्टिबलमधले ९०,००० सिद्ध करायला वेगळी धावपळ झाली असती. वर्षात लहान क्लेम झाला तरी त्याचे कागद टाकू नका. आणि बिल वर जाईल अशी शंका आली की ॲडमिट होतानाच दुसऱ्या कंपनीलाही कळवून ठेवा. कस्टमर केअरबद्दल मत विचाराल तर वाईट. दर वेळी नवा माणूस, दर वेळी गोष्ट पहिल्यापासून.

आता त्या दोन तारखा. डेंग्यू ऑगस्टमध्ये झाला हे आमचं नशीब. तो मे महिन्यात झाला असता तर? मूळ पॉलिसीचं नवं वर्ष एप्रिलपासून सुरू झालेलं, म्हणजे तिचे ९०,००० तितकेच खर्च झाले असते. पण सुपर टॉप-अपच्या हिशेबात मे महिना आधीच्या वर्षात पडतो, कारण तिचं वर्ष १० जूनला बदलतं. जानेवारीच्या बायपासच्या वेळी तिने डिडक्टिबल शून्यापासून मोजलं असतं आणि ३६,००० दिले असते. मूळ पॉलिसीत उरले असते ४,१०,०००. मधले ९०,००० कुठल्याच पॉलिसीत नाहीत. ॲग्रीगेट असूनही! म्हणून टॉप-अप घेताना तिची सुरुवात मूळ पॉलिसीच्या तारखेलाच करून घ्यावी. मला हे एजंटने सांगितलं नव्हतं, पानावरच्या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर दिसलं.

मेव्हण्याच्या फोटोकडे वळतो. त्याचं डिडक्टिबल ३ लाख, ॲग्रीगेट. खालचे ३ लाख त्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून येतात. चालेल, पण नोकरी सुटली की ती ग्रुप पॉलिसी जाते आणि पहिले ३ लाख त्याच्या खिशातले होतात. एवढं त्याला सांगून ठेवलं.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं उत्तर वेटिंगच्या रकान्यात सापडलं. त्यात Excl01, Excl02, Excl03 असे कोड होते. हे विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना सारखे ठरवून दिलेत, त्यामुळे कंपनी बदलली तरी अर्थ बदलत नाही. Excl03 म्हणजे पहिले ३० दिवस: अपघात सोडून काही मिळत नाही. Excl02 म्हणजे ठरावीक आजार आणि ऑपरेशनांची यादी: मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघा बदलणं वगैरे. त्याच्या पॉलिसीत त्याला २४ महिने. Excl01 म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासूनचे आजार. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमात त्याला जास्तीत जास्त ३६ महिने लावता येतात, आधी ही मर्यादा ४८ होती. त्याच्या पानावर पूर्ण ३६ आहेत.

पॉलिसी मार्च २०२६ ची. तो म्हणाला, "मग मार्च २०२८ ला गुडघे मोकळे." नाही. सासूबाईंची संधिवाताची औषधं आधीपासून चालू आहेत आणि त्याने ते अर्जात लिहिलंय (बरं केलं). एकच दुखणं दोन्ही कोडांत बसलं तर दोन्हीतला लांबचा काळ लागतो. म्हणजे २४ नाही, ३६ महिने, मार्च २०२९. मोजणी सुरू होते ती पहिल्या सुरुवातीच्या तारखेपासून, चालू वर्षाच्या तारखेपासून नाही. फोटोत कापला गेलेला दुसरा रकाना तोच होता. आपल्याकडे नवी पॉलिसी असेल तर दोन्ही तारखा एकच दिसतात आणि गोंधळ होत नाही. जुन्या पॉलिसीचा फोटो वाचताना मात्र वरची मोठी तारीख सोडून हीच शोधायची. नूतनीकरण वेळेवर होत राहिलं तर ती बदलत नाही.

Excl04 पासून Excl18 पर्यंतच्या गोष्टी वेगळ्या. त्यांना मुदत नाही, कितीही वर्षं हप्ते भरा, त्या पॉलिसीबाहेरच. शेड्यूलवर त्यांचे फक्त कोड असतात, मजकूर पॉलिसीच्या पुस्तिकेत. सगळे पाठ करायची गरज नाही, मी दोनच सांगतो. Excl04: फक्त तपासण्यांसाठी ॲडमिट झालात तर पैसे नाहीत. "ॲडमिट करा, सगळ्या टेस्ट विम्यातून होतील" असं कुणी म्हटलं तर हा कोड आठवा. Excl15: चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन, नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर नाही. आणि एखाद्या सभासदाच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात वेगळं वाक्य छापलेलं असेल तर ते आधी वाचा, कारण ते फक्त त्याच माणसासाठी असतं.

माझ्यापुरता निर्णय: पॉलिसी चालू ठेवतोय. जूनमध्ये तारीख एप्रिलवर आणता येईल का ते कंपनीला लेखी विचारलंय. मेव्हण्याच्या पानावर सासूबाईंचं जन्मवर्ष चुकलेलं निघालं. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या फ्री लुक मुदतीत न पटलेली पॉलिसी परतही करता येते, आणि त्याचे दिवस अजून शिल्लक होते. त्याने दुरुस्तीचा मेल टाकला आणि सोबत आधारची प्रत जोडली. सुधारलेलं शेड्यूल आलं की तो पुन्हा फोटो पाठवणार आहे, यावेळी चारही कोपऱ्यांसह.